ग्राउंड हलवला की करंट बदलतो? नाही बाप्पा

"ग्राउंड म्हणजे जिथे करंट जाऊन जिरतो तो पॉइंट. म्हणून ग्राउंड नेहमी बॅटरीच्या मायनसलाच घ्या. दुसऱ्या नोडला घेतला तर व्होल्टेजसोबत करंटही बदलतात आणि मार्क जातात. लॅबमध्ये स्वतः पाहिलं आहे."

हा मेसेज आमच्या नागपूरच्या नंदनवनातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, आणि परवा शिकवणीला येणारा एक जण वही घेऊन आला तर त्यात ग्राउंड बदलून करंट खरंच वेगळे आले होते, म्हणून लिहितोय.

त्याच्याच वहीतलं सर्किट घेऊ. 12 व्होल्टची बॅटरी, प्लस म्हणजे A, मायनस म्हणजे C. A पासून B पर्यंत 2 किलोओहमचा रेझिस्टर, आणि B पासून C पर्यंत पॅरललमध्ये दोन रेझिस्टर, एक 3 चा एक 6 चा. ग्राउंड C वर धरला तर A ला 12, B ला 6. पहिल्या रेझिस्टरमध्ये 3 मिलीअँपिअर, पुढे त्याचे 2 आणि 1 असे वाटे पडतात. इथपर्यंत कोणाचं भांडण नाही.

आता ग्राउंड B वर. बॅटरी A आणि C मध्ये आहे आणि दोघांपैकी कोणीच झिरो नाही, बॅटरीचा करंट तर आपल्याला माहीत नाही, म्हणून A आणि C ला मिळून एकच समीकरण लिहायचं, त्यात बॅटरीचा करंट आपोआप कटतो:

A/2 + C/3 + C/6 = 0

म्हणजे A = −C, आणि A − C = 12 तर आहेच. A ला +6, C ला −6. आकडे सगळे बदलले, हाव. पण 2 किलोओहमच्या दोन टोकांतला फरक आधी 12 − 6 होता, आता 6 − 0 आहे. सहाच. 3 किलोओहमवर 0 − (−6), तेही सहाच. करंट 3, 2, 1 जसेच्या तसे. रेझिस्टरला फक्त आपल्या दोन टोकांतला फरक कळतो, तुम्ही झिरो कुठे मांडला ते त्याला कोण सांगणार? झिरो माईलचा खांब उचलून बुटीबोरीला नेला तर वर्ध्याच्या पाटीवरचा आकडा कमी होईल, पण बुटीबोरी ते वर्धा पेट्रोल तेवढंच जाळावं लागेल ना.

मग वहीत करंट काहून बदलला? पोट्ट्याने 3 किलोओहमचा करंट B/3 असा लिहिला होता. ग्राउंड C वर असताना C झिरो असतो, त्यामुळे वजाबाकी न करताही उत्तर बरोबर येतं आणि तीच सवय लागते. ग्राउंड B वर नेला की त्याच सूत्राने करंट शून्य येतो, A वर नेला तर B होतो −6 आणि करंट −2, म्हणजे उलटा वाहतोय असं वाटतं. खरं तर तेव्हा C असतो −12, आणि (−6 + 12)/3 म्हणजे 2 च. चूक ग्राउंडची नाही, वजाबाकी विसरल्याची.

"जिरतो" वालं तं एका ओळीत संपतं. C वर 2 आणि 1 येतात, 3 बॅटरीत परत जातात, हिशेब तिथेच पूर्ण. ग्राउंडच्या चिन्हात जायला काही उरतच नाही.

राहिला लॅबचा अनुभव, आणि इथे मी त्या माणसाला खोटं म्हणणार नाही, त्याने पाहिलं असेल. बेंचवरच्या स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. पॉवर सप्लायच्या मायनसलाही अर्थची पट्टी लावलेली असली आणि तुम्ही क्लिप B ला लावली, की B आणि C मध्ये चक्क वायर पडली. 3 आणि 6 चे रेझिस्टर शॉर्ट, सगळे 12 व्होल्ट एकट्या 2 किलोओहमवर, करंट 6. बदलला की! पण तो रेफरन्स बदलल्याने नाही, सर्किटच दुसरं झालं म्हणून. सिम्युलेटरमध्ये B आणि C दोन्हीकडे ग्राउंडचं चिन्ह टाकलं तरी हेच होतं, कारण दोन ग्राउंड म्हणजे एकच नोड.

ओळखायचं कसं, तर A आणि B च्या ब्रँचमध्ये एक मिलीअॅमीटर कायम लावून ठेवा. बॅटरीवर चालणाऱ्या मल्टीमीटरचा काळा प्रोब A, B, C कुठेही फिरवा, व्होल्टेजचे आकडे बदलतील, मिलीअॅमीटर 3 वरच राहील. मग स्कोपची क्लिप B ला टेकवा. 6 वर उडी मारली तर आधी सप्लायची ती अर्थची पट्टी काढा आणि पुन्हा टेकवून बघा.