काजीपुढची शपथ: दावा, साक्ष आणि फिरलेलं ओझं

«काजीचा न्याय म्हणजे ना कायदा ना पुरावा. झाडाखाली बसून, माणसाचं तोंड पाहून निकाल द्यायचा. आणि समोरच्याने देवाची शपथ घेतली की तो सुटला, खटला संपला.»

हे झाड कुठून आलं, ते आधी सांगतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने बांधील नियमांशिवाय दिलेल्या न्यायाला ‘काजी-न्याय’ असं नाव दिलं. पुढे 1949 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी आपल्या भिन्नमताच्या निकालपत्रात लिहिलं की आपण झाडाखाली बसलेल्या काजीसारखे नाही. आज फिरणारं विधान त्याच परंपरेतलं आहे. काजीने न्याय कसा करावा हे सांगणारे अरबी ग्रंथ मात्र या दोघांच्या शेकडो वर्षं आधीचे आहेत. बगदादच्या अल-खस्साफचा (मृत्यू 874) ग्रंथ आणि मध्य आशियातल्या फरगाण्याच्या मर्गीनानीची (मृत्यू 1197) ‘हिदाया’ हे त्यांतले हनफी या सुन्नी कायद्याच्या पंथातले दोन. मी पुढे मुख्यतः हनफी पद्धतच सांगतो, कारण पंथापंथांत फरक आहेत आणि ते एकत्र कालवले की गोंधळ होतो.

पहिली गोष्ट नियमांची. काजीपुढे येऊन ‘याने माझं नुकसान केलं’ एवढं म्हणून भागत नसे. दावा मोघम असेल तर काजी समोरच्याला प्रश्नसुद्धा विचारत नाही. पैशाचा दावा असेल तर कुठलं नाणं आणि किती, हे सांगावं लागे. जमिनीचा असेल तर चतुःसीमा सांगाव्या लागत, आणि जमीन सध्या प्रतिवादीच्याच ताब्यात आहे हेही. वस्तू हलवता येण्याजोगी असेल तर ती समोर आणायची, नष्ट झाली असेल तर किंमत सांगायची. सातबारा आणि मोजणीचे वाद पाहिलेल्या कुणालाही यामागचं कारण समजावून सांगायला नको. दावा, इन्कार, कज्जा, वकील हे आपले कोर्टकचेरीतले शब्द अरबीतूनच आपल्याकडे आलेले आहेत.

मग वादी कोण आणि प्रतिवादी कोण? आधी दार ठोठावणारा तो वादी, असं नाही. ‘हिदाया’तली व्याख्या अशी: ज्याने भांडण सोडून दिलं तर त्याला कुणी अडवत नाही तो वादी, आणि ज्याला ते सोडून जाता येत नाही तो प्रतिवादी. पुराव्याचं ओझं वादीवर, शपथ इन्कार करणाऱ्यावर. ही वाटणी खलिफा उमर यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या पत्रात आहे आणि पैगंबरांच्या वचनांतही.

‘तोंड पाहून’ या शब्दांना तर या ग्रंथांचा मजकूर थेट उत्तर देतो. दोघांना काजीसमोर सारखंच बसवायचं. एकाशी कुजबुजायचं नाही, एकाला युक्तिवाद सुचवायचा नाही, एकट्याला घरी जेवायला बोलवायचं नाही. नेमणुकीआधीपासून देणंघेणं असलेले परिचित आणि जवळचे नातलग सोडले तर भेटवस्तू घ्यायची नाही, आणि त्यांचीही त्यांचा खटला चालू असताना नाही. राग आला असेल तर निकाल द्यायचा नाही. प्रत्यक्षात लाच घेणारे काजी होते, हे खरं. पण ते नियम मोडत होते. नियमच नव्हते असं म्हणणं वेगळं.

आता पुराव्याकडे येऊ. ग्रंथांत उदाहरणाला नेहमी झैद आणि अम्र ही नावं येतात, तीच घेऊ. झैद म्हणतो, अम्रकडे माझे 1000 दिरहम येणे आहेत. काजी अम्रला विचारतो. त्याने कबूल केलं तर निकाल तिथेच. इन्कार केला तर काजी झैदला साक्षीदार विचारतो. पैशाच्या वादात दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. साक्षीदाराने ‘मी साक्ष देतो’ असंच म्हणायचं. ‘मला माहीत आहे’ हे चालत नाही. झैदचा मुलगा, वडील किंवा बायको त्याच्या बाजूने साक्षीदार होऊ शकत नाहीत.

साक्षीदार उभा राहिला म्हणजे संपलं नाही. त्याचं नाव, वर्णन, वस्ती, मशीद लिहिलेली चिठ्ठी काजी गुप्तपणे एका विश्वासू माणसाकडे पाठवतो आणि तो शेजारीपाजारी चौकशी करतो. पंथाचे संस्थापक अबू हनीफा यांच्या मते समोरच्याने आक्षेप घेतला नाही तर बाहेरून दिसणारं सदाचरण पुरेसं. त्यांच्या दोन्ही प्रमुख शिष्यांना, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी यांना, चौकशी हवीच होती, आणि पुढे हनफी पंथात शिष्यांचं मत चाललं. निकालानंतर साक्षीदार फिरले तर निकाल रद्द होत नाही, पण अम्रचं नुकसान त्यांना स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. दोघांतला एकच फिरला तर अर्धं, म्हणजे 500 दिरहम.

राहिली शपथ, आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. शपथ काजी आपण होऊन देत नाही. झैदकडे साक्षीदार नसतील आणि त्याने मागणी केली, तरच अम्रला ती घ्यावी लागते. अम्रने नकार दिला तर काजीने त्याला तीनदा विचारायचं आणि सांगायचं की घेतली नाहीस तर दावा तुझ्याविरुद्ध जाईल. तरीही नाही म्हटला तर हनफी काजी 1000 दिरहम त्याच्याविरुद्ध ठरवतो. शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथात अशा वेळी शपथ झैदकडे वळते.

शपथेचे शब्दही मोजूनमापून असतात. समजा अम्रने पैसे खरंच घेतले होते, पण फेडले. ‘मी कर्ज घेतलं नाही’ अशी शपथ त्याला दिली तर खरं बोलणारा माणूस अडकतो. म्हणून शपथ अशी: ‘देवाची शपथ, झैदचं माझ्याकडे या 1000 पैकी काहीही देणं नाही.’ मूळ व्यवहाराची नाही, आजच्या स्थितीची शपथ. पण अम्र स्वतः काजीपुढे ‘घेतले होते, फेडले’ असं बोलून गेला, तर ओझं फिरतं. कर्ज कबूल झालं, आता परतफेडीचे साक्षीदार अम्रने आणायचे. नसतील तर शपथ झैदने घ्यायची. एका वाक्याने कोण काय सिद्ध करणार हे उलटतं. मनाला येईल तसा निकाल देणाऱ्याला एवढ्या बारकाव्याची गरजच काय?

आणि शपथ घेतली की सुटला? पैगंबरांपुढे जमिनीच्या एका वादात वादी म्हणाला होता की हा माणूस कशाचीही शपथ घ्यायला कचरत नाही. उत्तर मिळालं की पुरावा नसेल तर तुला त्याच्याकडून एवढंच मिळेल. तक्रार खरी होती. हनफींनी मात्र ठरवलं की शपथेने फक्त आजचं भांडण थांबतं, हक्क मरत नाही. उद्या झैदला साक्षीदार सापडले तर काजीने ते ऐकायचे.

टीका करायचीच तर खरी जागा वेगळी आहे. गुलामाची साक्ष चालत नसे. मुसलमानाविरुद्ध बिगरमुसलमानाची चालत नसे, आणि दोन स्त्रिया मिळून एका पुरुषाइतक्या मोजल्या जात. त्याच पद्धतीत ज्यू प्रतिवादीला ‘मूसावर तौरात उतरवणाऱ्या देवाची’ आणि ख्रिस्ती प्रतिवादीला ‘ईसावर इंजील उतरवणाऱ्या देवाची’ शपथ दिली जाई. स्वतःच्या बचावाची शपथ त्याच्या श्रद्धेनुसार मान्य, पण मुसलमानाविरुद्ध त्याची साक्ष अमान्य. हा अन्याय नियम नसल्यामुळे झाला नाही. तो नियमातच लिहिलेला होता.