ठोक आकड्याच्या पोटात तासच असतात

«फ्रीलान्सरनी तासाचा दर कधीच सांगू नये. तासावर काम म्हणजे जितका तुमचा हात भरभर चालेल तितके पैसे कमी. अख्ख्या कामाचा एकच आकडा सांगा आणि गप्प बसा. फोड देऊ नका, दिली की घासाघीस सुरू. जो शंका घेतो तो तुमचा क्लायंटच नव्हे, त्याला समजावत बसू नका.»

मी पुस्तकांची मांडणी करते. अक्षरजुळणी, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत आणणं, इनडिझाइनमध्ये पानं लावणं, छापखान्याला फाइल देणं. वरचा सल्ला गेल्या वर्षभरात मला निदान पाच-सहा जणांनी पाठवला असेल. आमच्या क्षेत्रात नव्याने आलेली मुलं तो मनावर घेऊन कोटेशन देतात आणि दोन महिन्यांनी रडवेली होऊन फोन करतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

वेगाचं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. जुन्या फाँटमधून आलेल्या मजकुरात ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं, ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ होतं. जुन्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर ठेवलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो ‘र्’ अक्षराआधी यावा लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं: तिकडे अक्षराआधी, इकडे नंतर. त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात ती हमखास मधेच अडकते. हे दुरुस्त करायला पूर्वी मला पानाला दहा मिनिटं लागायची. हळूहळू शोधा-बदलाची एक लांबलचक यादी बांधली, आता साध्या पानाला पाच लागतात. हे काम तासावर दिलं तर माझ्या मेहनतीचा फायदा माझ्या खिशातून जाईल, हे अगदी खरं. म्हणून असं काम मी ठोक दरानेच घेते.

पण ‘कधीच नाही’ हे कुठून आलं? माझा वेग माझ्या हातात असतो तेवढ्याच भागाला हा न्याय लागू पडतो. तिसऱ्या प्रुफात लेखकाला आठवलेलं नवं प्रकरण, समितीतल्या चौथ्या सभासदाच्या दुरुस्त्या, शेवटच्या दिवशी येणाऱ्या जाहिराती, यांचा वेग मी कितीही शिकले तरी वाढत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेची ९६ पानी स्मरणिका १८,००० रुपयांना ठोक घेतली. काम माझ्या अंदाजाने ३६ तासांचं होतं. प्रत्यक्षात वहीत नोंदले गेले ८६ तास. त्यातले जवळजवळ पन्नास तास दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत गेले, कारण प्रत्येक सभासद वेगळं प्रूफ वाचून वेगळ्या दिवशी पाठवायचा. तासाला ५०० धरलेले, हातात आले २०९. संस्थेने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. फेऱ्या किती, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. मग त्यांनी का थांबावं?

आता त्या एकाच आकड्याविषयी. तो येतो कुठून? ज्यांनी कधी तास मोजले नाहीत ते शेजारच्याचा दर विचारतात, नाहीतर जुन्या पगाराला भागाकार करतात. महिना ३६,००० पगार, २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे तासाला १७३ रुपये. हा हिशेब दिसायला सरळ आहे आणि पूर्ण चुकीचा आहे. नोकरीत संगणक, सॉफ्टवेअर, वीज आणि रिकामे दिवस मालकाच्या अंगावर असतात. माझा हिशेब असा: घराला महिना ३६,०००, धंद्याच्या खर्चाला ७,००० आणि विमा व कामाविना जाणाऱ्या महिन्यांची तरतूद ७,०००. वर्षाचे झाले सहा लाख. कामाचे दिवस २४०, आणि दिवसातले पाच तासच बिलात लावता येतात, बाकीचे फोन, कोटेशन, वसुली आणि छापखान्याच्या फेऱ्यांत जातात. म्हणजे १,२०० तास आणि तासाला ५००. क्लायंटला हा दर सांगा किंवा सांगू नका. तो स्वतःला माहीत नसेल तर तुमचा ठोक आकडा हवेतला आहे.

फोडीमुळे घासाघीस सुरू होते म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि तो एका कामावरून नीट सांगता येईल.

निवृत्त शिक्षक. आयुष्यात एकच पुस्तक काढायचं होतं, आत्मचरित्र, २४० पानं. मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप करून घेतलेला. मी कोटेशन देण्याआधी बारा पानं मागितली: चार सुरुवातीची, चार मधली, चार शेवटची. नमुना नेहमी असा तीन ठिकाणांहून घ्यावा. सुरुवातीच्या आणि मधल्या पानांना पाच-पाच मिनिटं लागली. शेवटच्या पानांना चौदा, कारण ती दुसऱ्या टायपिस्टने वेगळ्याच फाँटमध्ये केली होती आणि त्यांत अभंगांच्या तुटक ओळी होत्या. अशी पानं ६० निघाली. नुसता पहिला नमुना बघून मी २४० पानांना पाच मिनिटं धरली असती, तर नऊ तास, म्हणजे साडेचार हजार, माझ्या अंगावर आले असते.

मजकूर साफ करायला २९ तास, मांडणीला २०, प्रुफाच्या दोन फेऱ्यांना १०, २४ फोटोंना ६, बोलणं आणि छपाईची फाइल यांना ५. एकूण ७० तास, ३५,००० रुपये. हा आकडा ऐकून सर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, «मॅडम, पानाला पन्नास रुपयांनी करून देतात की लोक. त्या हिशेबाने बारा हजार होतात.»

इथे सल्ला मानला असता तर मीही गप्प बसले असते. मी त्यांच्यासमोर त्यांचीच दोन पानं उघडली. एक रूपांतर होऊन जसं बाहेर पडलं तसं, दुसरं साफ केलेलं. «सर, पन्नास रुपयांत पान लागतं, ते खरं आहे. पण ते हे पान लागतं.» त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली. वडिलांच्या नावातलाच रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला होता. पन्नास रुपये हा कशाचा दर आहे आणि कशाचा नाही, हे मग मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तरी ३५,००० त्यांना जड होते, आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या हातात फक्त एक आकडा असता तर कमी करायला तो आकडाच होता. कागदावर फोड होती म्हणून प्रश्न बदलला: यातलं काय काढता येईल? मी म्हटलं, दर नाही कमी होणार, काम कमी होईल. शेवटची ६० पानं घरात कोणी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून दिली, तर ६,००० वजा होतील. (साफ करण्याचे १४ तास वाचतात, पण नवा मजकूर तपासून जोडायला दोन लागतात, म्हणून बारा तासांचे.) त्यांच्या भाच्याने तीन आठवड्यांत ती पानं दिली. आकडा झाला २९,०००.

फोड द्यायची म्हणजे तास द्यायचे नाहीत, एवढं पथ्य मी पाळते. कोटेशनमध्ये ‘मजकूर शुद्ध करणे’, ‘मांडणी’, ‘प्रूफ, दोन फेऱ्या’ आणि पुढे रुपये. ठोक भागातले तास लिहिले तर मी लवकर संपवल्यावर उरलेल्या तासांचे पैसे परत मागितले जातात, आणि मग वेगाचा फायदा पुन्हा हातून जातो. वर वेगाबद्दल जे मान्य केलं ते इथे वापरायचं.

तासाचा दर येतो तो त्या यादीच्या खाली. माझ्या कोटेशनमधलं वाक्य असं असतं: «तिसऱ्या प्रुफापासून पुढच्या दुरुस्त्या आणि मजकुरात नव्याने घातलेली भर तासाला ५०० रुपयांनी, सुरू करण्याआधी अंदाज कळवला जाईल, एकूण ६,००० रुपयांच्या वर विचारल्याशिवाय जाणार नाही.» शेवटची मर्यादा मी कधी गाळत नाही. तासाच्या दराची भीती दराची नसते, तो कुठे थांबेल हे न कळण्याची असते.

सरांनी तिसऱ्या प्रुफात एक सहा पानांचं प्रकरण दिलं. छपाईच्या एका कागदावर सोळा पानं बसतात, तो एक फर्मा. पुस्तक २४० पानांचं, म्हणजे पंधरा फर्मे बरोबर भरलेले. सहा पानं वाढली की सोळावा फर्मा उघडतो आणि दहा पानं कोरी राहतात. मी छापखान्याशी बोलून अर्धा फर्मा, म्हणजे आठ पानं, घ्यायचं ठरवलं. उरलेल्या दोन पानांवर दोन फोटो मोठे केले, अनुक्रमणिकेतले पुढचे सगळे आकडे बदलले. सात तास, ३,५०० रुपये. आधी कळवलेला अंदाजही तेवढाच होता. तारीखवार नोंद बिलाला जोडली. सरांनी ती वाचली, एका नोंदीबद्दल विचारलं आणि त्याच दिवशी पैसे पाठवले. हे प्रकरण ठोक आकड्यात ‘सांभाळून घेतलं’ असतं, तर मला चडफडावं लागलं असतं आणि सरांना आपण जास्तीचं काय मागितलं हे कधी कळलंच नसतं.

मुखपृष्ठ मात्र मी ना तासावर देत ना फोड करून. ते कधी एका संध्याकाळी जमतं, कधी पंधरा दिवस जमत नाही, आणि वाचकाला त्या तासांशी काही देणंघेणं नसतं. तिथे एकच आकडा आणि दोन नमुने.

राहिला शंका घेणारा क्लायंट. आमच्याकडे येणाऱ्यांत पहिल्यांदाच पुस्तक काढणारे पुष्कळ. त्यांनी युनिकोड ऐकलेलं नसतं, फर्मा ऐकलेला नसतो, आणि पेन्शनमधून बाजूला काढलेले पैसे घेऊन ते समोर बसलेले असतात. त्यांनी शंका घेऊ नये तर काय करावं? पन्नास रुपयांचा प्रश्न सरांनी विचारला म्हणून मी त्यांना परत पाठवलं असतं, तर ती शरमेची गोष्ट झाली असती.

ज्याला खरंच सोडून द्यावं तो वेगळा ओळखू येतो. फोड दाखवल्यावर तो एकही काम काढायला तयार नसतो, तरी आकडा उतरवून मागतो. फेऱ्यांची संख्या लिहायची म्हटलं की «आपल्यात कशाला लिहापढी» म्हणतो. आगाऊ रकमेचा विषय निघाला की प्रूफ बघून देऊ म्हणतो. यातली एक गोष्ट घडली तर मी पुन्हा समजावते. तिन्ही एकाच बैठकीत घडल्या, तर बारा नमुना पानं साफ करून त्यांना परत देते, त्यांचे पैसे मागत नाही, आणि काम घेत नाही.