लिची उपाशीपोटी: सकाळपेक्षा रात्रीचं जेवण महत्त्वाचं

"लिचीत मेंदूज्वराचा विषाणू असतो. सकाळी उपाशीपोटी खाऊ नका. खायचीच तर अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडवा, विष निघून जातं. मधुमेहींनी मात्र कच्ची लिची खावी, साखर लगेच उतरते. सर्वांना पाठवा." (ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

विषाणूचं आधी संपवू. बिहारच्या मुझफ्फरपुरात २०१४ च्या लिची हंगामात दोन रुग्णालयांत मेंदूज्वरासारख्या लक्षणांनी ३९० मुलं दाखल झाली, त्यातली १२२ दगावली. तपासात संसर्गाचा पुरावा मिळाला नाही. रक्तातली साखर मात्र खाली गेलेली होती. ३२७ मुलांची नोंद मिळाली, त्यातल्या २०४ जणांची साखर दाखल होताना ७० किंवा त्याहून कमी होती. आजारी मुलांच्या लघवीच्या ७३ नमुन्यांपैकी ४८ मध्ये लिचीतल्या विषांचे अंश सापडले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही विषं दोन: हायपोग्लायसिन ए आणि एमसीपीजी. दोन्ही अमिनो आम्लं आहेत आणि फळ ती स्वतःच तयार करतं. जमैकात अ‍ॅकी नावाचं फळ कच्चं खाऊन होणारा उलट्यांचा आजारही हायपोग्लायसिनमुळेच होतो. अ‍ॅकी, लिची आणि आपला रिठा एकाच कुळातले.

आता "उपाशीपोटी". इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, पण सावध करतो चुकीच्या वेळी. पाच वर्षांचं एक मूल घ्या. दुपारपासून बागेत लिच्या खाल्ल्या, पोट भरल्यासारखं वाटलं, रात्री न जेवता झोपलं. लिचीतल्या साखरेने पहिले काही तास निभतात. मग यकृतात साठवलेली साखर खर्ची पडते. लहान मुलांचा हा साठा मुळात थोडा, कुपोषित मुलांचा त्याहून थोडा. साठा संपला की शरीर चरबी जाळतं आणि त्या ऊर्जेवर यकृत नवी साखर बनवतं. ही दोन विषं नेमकं चरबीचं ज्वलनच अडवतात. त्यामुळे नवी साखर बनत नाही, आणि साखरेऐवजी मेंदूला चालणारे कीटोनही पुरेसे बनत नाहीत. म्हणून झटके येतात ते पहाटे, बहुतेकदा ताप नसताना. त्या तपासात रात्रीचं जेवण चुकलेल्या मुलांमध्ये लिचीचा धोका अधिक ठळक दिसला. तेव्हा मुलांनी लिची जेवणानंतर, मोजकी खावी, आणि त्या रात्री भात-वरण चुकू देऊ नये. नीट जेवणाऱ्या मुलाने पाच-सहा पिकलेल्या लिच्या खाल्ल्या तर घाबरायचं कारण नाही.

मिठाच्या पाण्याने सालीवरची धूळ आणि थोडीफार फवारणी जाते, इतकंच. विष गराच्या आत असतं, ते साल ओलांडून पाण्यात उतरत नाही. फरक पडतो तो फळाच्या पक्वतेने. तपासलेल्या गरांत हायपोग्लायसिनचं प्रमाण दर ग्रॅमला सुमारे १२ ते १५२ मायक्रोग्रॅम होतं, आणि कच्च्या फळात ते पिकलेल्यापेक्षा जास्त. म्हणजे १०० ग्रॅम गरातून, साधारण आठ-दहा फळांतून, सव्वा मिलिग्रॅमही पोटात जाईल किंवा पंधराही. पिकलेल्यातही ते शून्य नसतं, हे विसरू नये.

वाशीच्या फळबाजारातून किंवा जांभळी नाक्यावरून घेताना घोसातली हिरवी फळं काढून टाका. आंब्यासारखी आढी लावून लिची पिकत नाही. झाडावरून उतरली की पिकणं थांबतं, नंतर साल तपकिरी पडते ती फक्त सुकून. पिकलेल्या फळाच्या सालीवरचे उंचवटे सपाट झालेले असतात, गर जाड आणि गोड असतो. कच्च्याचे उंचवटे टोकदार, गर पातळ, आंबट-तुरट. बी चघळायला देऊ नये, एमसीपीजी तिच्यातही असतं.

मधुमेहींना दिलेला सल्ला या मेसेजमधला सर्वांत वाईट भाग. हायपोग्लायसिन इन्सुलिनसारखं काम करत नाही. ते यकृताची साखर बनवण्याची वाटच बंद करतं, आणि कोणत्या फळात ते किती आहे हे घरी मोजता येत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्याने वर कच्ची लिची खाल्ली, तर साखर घसरताना सावरणारी यंत्रणाच जागेवर नसते.

लिची खाल्लेलं मूल पहाटे घामाघूम, सुस्त किंवा बरळताना आढळलं तर ग्लुकोमीटरने साखर पाहा. मीटर नसेल तर थांबू नका. शुद्धीत असून गिळता येत असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि लगेच रुग्णालय गाठा. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. डॉक्टरांना लिची कधी आणि किती खाल्ली, रात्री जेवण झालं की नाही, हे आधी सांगा. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर मूल शुद्धीवर आलं तरी लगेच घरी नेण्याची घाई नको, कारण विषाचा अंमल उरलेला असतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.