शेंग आणि मूळ एक नव्हे

"शेवग्याच्या शेंगा, पाला खातो, मग मुळाची साल उगाळून घ्यायला काय हरकत?"

हरकत आहे. मस्काची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी गोव्यात घरोघरी होते, तिची भीती नको. पण मुळाच्या सालीत मोरिंजिनसारखी अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी द्रव्यं असतात, आणि ती वनस्पतीतली आहेत म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत. ब्रिटिश लोक हॉर्सरॅडिश या त्यांच्याकडच्या झणझणीत मुळाऐवजी शेवग्याचं हे तिखट मूळ किसून खात, म्हणून काही जण म्हणतात की साल सोलली की झालं. तसं नाही, आतल्या गाभ्यातही मज्जातंतूंवर परिणाम करणारं द्रव्य सापडतं. सालीने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, त्यामुळे गरोदर बाईने तर अजिबात घेऊ नये. पावसात झाड उन्मळलं की मुळं आयती हाती लागतात, तेव्हा काढ्याची सूचना हमखास येते. कोणी प्यालंच असेल, तर उरलेला तुकडा घेऊन दवाखाना गाठा.