आंबोलीची आबोली

"फक्त थेंब पुसायचेत हो," म्हणत वरच्या मजल्यावरच्या काकांनी रात्री फोटो पाठवला. फक्त! धो धो पाऊस, गाडीची काच आणि काचेपलीकडे 'आंबोली' लिहिलेली पाटी. मोबाईलने फोकस काचेवर धरलेला, त्यामुळे थेंब लख्ख आणि पाटी पुसट. अशा अक्षरांना कितीही शार्पन करा, कडा उजळतात, हरवलेलं काही परत येत नाही.

आधी फोटोशॉपमध्ये धुरकटपणा काढला. ओली काच उजेड विखुरते, म्हणून काळ्याचा राखाडी होतो. लेव्हल्समध्ये डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवायचा, पण मास्क लावून पाटीपुरताच. अख्ख्या फोटोवर डीहेझ फिरवलं की एकूण एक थेंब काजळ घालून बसतो.

मग थेंब. मोकळ्या जागेवर हीलिंग ब्रश झकास चालतो, अक्षराजवळ मात्र रंग फासतो. तुटलेली शिरोरेषा क्लोन स्टॅम्पने सांधावी. नमुना अगदी शेजारचा घ्यावा, कारण पाटी तिरकी असली की रेषेची जाडी टोकापर्यंत बदलत जाते.

सकाळी काका दारात. "हे काय, आबोली? गावाचं फूल केलंत?"

ब्रशने अनुस्वार गिळला होता.

"काका, थेंबही गोल, टिंबही गोल."

"मग नीट बघायचं ना!"

नीट बघायचं म्हणजे ४०० टक्के झूम करायचं. थेंब भिंगासारखा असतो, त्यात बाहेरचं जग उलटं दिसतं: आभाळाचा उजेड खाली, रस्त्याचा काळोख वर. अनुस्वार बिचारा एकाच रंगाचा, सपाट. मध्यरात्री फुकटच्या कामात हे मलाच दिसायला हवं होतं म्हणे. अनुस्वार परत आणला. आभार नाहीत.

"आणि खाली किती किलोमीटर, तेही स्पष्ट करा."

आकड्यावरून पाण्याचा ओघळ गेलेला. २ असेल किंवा ३, फरक सांगणारं मधलं वळणच वाहून गेलंय.

"अंदाजाने भरा की!"

अंदाजाने भरायचं तर ती रंगाऱ्याची नोकरी झाली. "दुसरा फोटो आहे का?"

"एकच काढला. हिला भजी हवी होती."

गाडी उभी करून, वायपर चालू ठेवून पाच फोटो घेतले असते तर थेंब प्रत्येकात वेगळ्या जागी पडले असते. फोटोशॉपमध्ये पाचही थर जुळवून, एक स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोडमध्ये मीडियन निवडलं की जो ठिपका पाचांपैकी तिघांत स्वच्छ, तो स्वच्छच येतो. हे सगळं काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, पुढच्या पावसाळ्यात पाच काढू. तोवर ३च टाका."