मध्यावर भेटू या म्हणजे नेमकं कुठे?

तीन भावंडं तीन गावांत असली की वर्षातून एकदा घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "या वेळी सगळ्यांना मध्ये पडेल असं ठिकाण बघू या." चार अंगठे येतात, दोन बदाम येतात, आणि पुढचे दोन महिने ठिकाण सोडून सगळं येतं. मी सांगलीत राहतो. जाणारायेणारा प्रत्येक जण सल्ल्यासाठी मलाच गाठतो, त्यामुळे या विषयातला माझा अधिकार फुकटचा असला तरी दांडगा आहे.

धरा की दादा नागपुरात, ताई बंगळुरूत आणि धाकटा डोंबिवलीत. (हे कुठल्याही घरचं नाही. तुमच्या घरचं वाटलं तर तो तुमचा प्रश्न.) मध्य काढायचाच म्हणून तिन्ही गावांचे अक्षांश-रेखांश बेरजून तिनाने भागले, तर बोट पडतं सोलापूरच्याही पलीकडे, कर्नाटकातल्या आळंदच्या आसपास. आणखी एक वेलांटी असती तर निदान माउलींचं दर्शन तरी झालं असतं. आळंदला तिघंही सारखेच दमून पोचतील, आणि मग एकमेकांकडे बघत बसतील.

म्हणून किलोमीटर मोजायचे नाहीत, दमणूक मोजायची. माझा हिशेब सरळ आहे. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंतचा एक जागा तास म्हणजे एक गुण. बर्थवर आडवं होऊन झोपलेला तास अर्धा गुण. गाडी बदलली की प्रत्येक वेळी एक गुण जादा, कारण बॅगा मोजणं, पोरं मोजणं आणि पुन्हा बॅगा मोजणं यात तेवढा जीव जातोच. शेवटचा टप्पा घाटाचा असेल तर आणखी दोन. पसरणी घाटात मागच्या सीटवर पिशवी शोधणाऱ्याला हे दोन कमीच वाटतील.

या मापाने महाबळेश्वर बघा. नाव निघालं की सगळे खूश. पण रेल्वे तिथे जात नाही. साताऱ्याला उतरायचं, स्टेशन गावाबाहेर माहुलीला, तिथून गाडी करायची आणि मेढ्यावरून केळघरच्या वळणांनी वर चढायचं. धाकट्याने स्वतःची गाडी काढली तर त्याला खंबाटकी आहेच. जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी, पुण्याकडून येणाऱ्यांसाठी नाही. सलग सुट्टीत तिथे एक ट्रक बंद पडला की धाकट्याचे 'निघालो रे' आणि 'पोचलो रे' हे दोन मेसेज वेगवेगळ्या तारखांना येतात.

आता सांगली घ्या. माझं गाव म्हणून सांगत नाही (म्हणूनच सांगतोय, पण हिशेब खरा आहे). नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, बंगळुरूहून राणी चन्नम्मा, कल्याणहून महालक्ष्मी. तिघांनाही गाडी न बदलता सांगलीत उतरता येतं. धाकटा रात्री कल्याणला चढतो आणि पहाटे उतरतो. गाडीतले आठेक तास, बहुतेक झोपेतले, म्हणजे चार-पाच गुण. ताई रात्री उशिरा बसते, दुपारी पोचते. पंधराएक तासांतले सात झोपेचे, म्हणजे साडेअकरा. दादाचा मात्र जवळजवळ एक पूर्ण दिवस गाडीत जातो. चोवीस तासांतले आठ झोपेचे धरले तरी वीस गुण.

इथे लोक बेरीज करून मोकळे होतात आणि चुकतात. बेरीज कितीही कमी असो, भांडण सर्वात जास्त गुणवाल्याच्या घरातून सुरू होतं, आणि तेही वहिनींच्या मौनातून. म्हणून आधी दादाचे वीस कमी होतात का बघायचे. तो विमानाने पुण्याला आला आणि पुढे गाडीने सांगलीला, तर विमानतळावरची ताटकळ धरून नऊ-दहा तास आणि दोन बदल, म्हणजे बारा गुण. वीसाचे बारा झाले, पण भाडं वाढलं. ते वाढीव भाडं तिघांत वाटायचं, आणि तारखा ठरायच्या आधीच. नंतर विचारलं तर दादा "राहू दे रे" म्हणणार, आणि ते 'राहू दे' पुढची सात वर्षं राहणार. विमान नको असेल तर फेड कामात करायची. सर्वात कमी दमणाऱ्याने खोल्या ठरवायच्या आणि स्टेशनवर घ्यायला जायचं. सर्वात जास्त दमणाऱ्याने तारखा ठरवायच्या आणि खोली सर्वांत आधी निवडायची.

तारखांचं गणित आरक्षणाशी बांधलेलं आहे. आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. 25 डिसेंबरला निघायचं तर 26 ऑक्टोबरला आठच्या आत मोबाईल हातात हवा, चहा नंतर. परतीचं तिकीट त्याच दिवशी निघत नाही, परतीच्या तारखेप्रमाणे तीन-चार दिवसांनी उघडतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. येणं कन्फर्म, जाणं वेटिंग, अशा अवस्थेत माणूस नरसोबाच्या वाडीला जातो तेव्हा दत्तापुढे काय मागतो हे सांगायला नको. आणि आरएसी मिळालं तर झोपेची सूट रद्द. अर्ध्या बर्थवर अनोळखी काकांच्या पायांशी बसून काढलेली रात्र पूर्ण गुणांनीच धरायची.

आता आवडीनिवडी. "मला कुठेही चालेल" या वाक्याइतकं घातक वाक्य मराठीत दुसरं नाही. म्हणून काय चालेल हे विचारूच नका. प्रत्येकाकडून काय चालणार नाही, एवढी एकच गोष्ट लिहून घ्या. दादाला गड चढणं नको, ताईला पहाटेचे बेत नकोत, धाकट्याला गर्दी नको. एवढ्याने कासचं पठार गळतं. सप्टेंबरातल्या रविवारी तिथे फुलं असतात, पण धाकट्याला दिसतील ती माणसं. उरतं ते बसून एकत्र करण्यासारखं. दिवसाला एकच. एका दिवशी ताई उठल्यावर वाडीचं दर्शन आणि बासुंदी, एका संध्याकाळी कृष्णेचा घाट आणि भडंग, एक दुपार मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांच्या दुकानांत. भोपळ्याची सतार कशी होते हे बघताना सासू, सून आणि पोरं एकाच वेळी गप्प बसतात, हे मी खात्रीने सांगतो. डिसेंबर-जानेवारी असेल तर हुरडा. जुलै-ऑगस्ट नको. 2005, 2019 आणि 2021 ला कृष्णा स्वतःच गावात भेटायला आली होती.

आणि मुक्काम हॉटेलातच, एकाच मजल्यावर. सांगलीत आत्या आहे म्हणून तिच्याकडे उतरलात की सहल संपली, पाहुणचार सुरू झाला. आत्याला तिसऱ्या दिवशी कळवायचं आणि जेवायलाच जायचं.

परतताना ताई आणि दादाच्या गाड्या दिवसाउजेडी निघतात, धाकट्याची महालक्ष्मी रात्री. त्यामुळे शेवटी तोच उरतो, आणि त्याच्यापाशी उरतो खर्चाचा हिशेब, ताईचा चार्जर, दादाच्या धाकट्या पोराचा एक मोजा. आणि "कालच कळलं, तीन दिवस गावात होतात म्हणे" असा आत्याचा फोनही त्यालाच येतो.