आठवड्याचा पंचनामा

माझं कॅलेंडर वाचणाऱ्याला माझा हेवा वाटेल. मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा 'अहवाल लेखन', संध्याकाळी 'चालणे', रात्री 'वाचन'. असा एक कर्तबगार गृहस्थ माझ्या नावाने वावरतो, पण आमची गाठ पडत नाही, असा संशय मला बरेच दिवस होता. पुरावा तेवढा नव्हता.

पुरावा गोळा करायची रीत सोपी आहे. ठरवलेल्या कॅलेंडरला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी दुसरं उघडायचं, त्याला 'प्रत्यक्षात' असं नाव द्यायचं आणि खरोखर काय घडलं ते आठवडाभर त्यात भरायचं. रविवारी दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघायचं.

हे भरायचं कधी, यात मात्र मेख आहे. रात्री निवांत बसून भरायला घेतलं, तर स्मरणशक्ती हळूच शेजारच्या कॅलेंडरात डोकावते आणि तेच उतरवून काढते. नोंद आठवून नव्हे, ज्या त्या क्षणी करा, असं व्यवस्थापनाचे जाणकार पीटर ड्रकर यांनी १९६७ सालीच बजावलं होतं. म्हणजे काम बदललं की लगेच वेळ टिपायची. याचा एक दुष्परिणाम असा, की फोन हातात घेतल्यावर 'आता हेही लिहावं लागणार' या धाकाने तो मुकाट्याने खाली ठेवला जातो. तपासणीचा आठवडा हा असा पाहुण्यांसमोरचा आठवडा असतो. एरवीचा याहून वाईट, असं धरूनच चालावं.

तर तो मंगळवार. नऊला फाइल उघडली, बारा मिनिटं लिहिलं. एक आकडा हवा होता म्हणून ईमेल उघडलं. पावणेदहाला ईमेलमधून बाहेर आलो, आकडा न घेता. मग वीस मिनिटं खरोखर लिहिलं. दहा वाजून पाच मिनिटांनी सहकारी डोकावला, "दोन मिनिटं आहेत का?" साडेदहाला तो गेला. पुढची पंधरा मिनिटं, आपण कोणतं वाक्य लिहीत होतो आणि ते का, याचा शोध घेण्यात गेली. मग दहा मिनिटं लेखन आणि शेवटची पाच अकराच्या मीटिंगची धावपळ. बेरीज केली. १२० मिनिटांपैकी लेखन ४२. तेही तीन तुकड्यांत, त्यातला सर्वांत मोठा वीस मिनिटांचा.

या हिशेबाने सहा तासांचा अहवाल लिहायला कॅलेंडरात सतरा तास राखायला हवेत. मी सहाच राखले होते, आणि अहवाल का होत नाही याची चौकशी करणाऱ्यांत मी आघाडीवर होतो.

आल्यागेल्याला वजा करून उरतो तो निव्वळ वेळ. रशियातले कीटकशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ल्युबिश्चेव असाच निव्वळ वेळ मोजत, तोही १९१६ पासून १९७२ साली निधन होईपर्यंत. मला एका आठवड्यात धाप लागली. त्यात घरून प्रश्न आला, "अहो, हे सगळं टिपण्यात जो वेळ जातो, तो कुठल्या रकान्यात टाकता?"

तो 'इतर'मध्ये होता. 'इतर' हा रकाना फार मायाळू, कोणालाही नाही म्हणत नाही. तो फुगला की समजावं, तपासणी करणाराच काहीतरी लपवतोय. मी तो फोडला, तेव्हा आतून बहुतेक फोनच निघाला.

पण खरी गंमत दोन कॅलेंडरं एकमेकांवर ठेवल्यावर दिसली. ज्या चौकोनात दुसऱ्या कोणाचं नाव होतं, तो जवळजवळ जसाच्या तसा पार पडला होता. कंटाळवाणी मीटिंगसुद्धा. ज्यात फक्त मी होतो, ते सगळे चौकोन वाहून गेले. साहजिकच आहे. दुसऱ्याला टांग मारली तर त्याचा फोन येतो, स्वतःला मारली तर कोण विचारणार? चालायचा बेत मी परस्पर रद्द केला आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

म्हटलं, चौकोनात साक्षीदार बसवू. पुढच्या मंगळवारच्या नऊ ते अकरात मी त्याच सहकाऱ्याला रीतसर आमंत्रण धाडलं: 'शेजारी बसून आपापलं लेखन'. तो नऊला हजर. मी फाइल उघडली. तो म्हणाला, "आता आपला वेळ राखलेलाच आहे, तर दोन मिनिटं बोलून घेऊ."

रविवारच्या तपासणीत तो चौकोन चोख निघाला. नऊला सुरू, अकराला बंद, ठरवलेलं आणि प्रत्यक्ष यांत एका मिनिटाचाही फरक नाही. अहवालात त्या दिवशी एक ओळ वाढली, तीही त्याने सांगितलेली.